फॉन्ट तोच, तरी नवा शब्द वेगळा दिसतो: शिरोरेषा, गाठी आणि रेघेची जाडी मोजून देवनागरी फॉन्ट कसा ओळखायचा

तक्रार नेहमीचीच आहे. पोस्टर छापून झालंय, मूळ फाइल मिळत नाही आणि एक शब्द बदलायचाय. दुकानात अंदाजाने फॉन्ट लावतात. लांबून पाहिलं तर जुळल्यासारखं वाटतं, पण छापून आल्यावर नवा शब्द चिकटवलेला दिसतो. कधी शिरोरेषा किंचित बारीक, कधी अक्षरं अरुंद, तर कधी शेजारच्या 'श'चं वळणच निराळं. मग जाडी वाढवून बघतात, आउटलाइन देतात, बाजूने ओढतात आणि शब्द आणखीच बिघडतो.

यातली पुष्कळशी प्रकरणं एकाच कारणाने अडकतात. पोस्टर करणाऱ्याने मूळ अक्षरं बाजूने ताणलेली असतात. ताणलेला फॉन्ट दुसऱ्याच फॉन्टसारखा दिसतो. म्हणून फॉन्ट ओळखण्याआधी ताण काढायचा, हा क्रम पाळला तर पुढचं काम सोपं होतं. खाली एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे.

समजा नागपुरातल्या एका नाटकाचं पोस्टर आहे. स्थळाची ओळ आहे 'डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, सिव्हिल लाईन्स'. प्रयोग हलला, आता तिथे 'कविवर्य सुरेश भट सभागृह, रेशीमबाग' हवंय. बाकी पोस्टर तसंच राहणार. खाली 'तिकीट खिडकी'ची ओळ त्याच अक्षरांत आहे, तिला हात लावायचा नाही. हातात फक्त छापील हँडबिल आहे.

आधी पीडीएफ आहे का ते विचारा

छापखान्याकडे किंवा कुणाच्या तरी मेलमध्ये पीडीएफ पडलेली असते. ती मिळाली तर अर्धा शोध वाचतो. अॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D दाबून Fonts हा टॅब बघा, किंवा पॉपलर या पीडीएफ साधनांच्या संचातली ही कमांड चालवा:

```
pdffonts poster.pdf
```

नावाच्या आधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरं फाइलमध्ये घातली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अधिकच्या पुढे असतं ते खरं नाव. यादी रिकामी आली तर मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवलेला आहे किंवा पानच चित्र म्हणून ठेवलेलं आहे.

यादीतलं नाव अनोळखी असेल तर पीडीएफमधला एखादा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. 'भारत'च्या जागी `Hkkjr` असं काही आलं तर तो कृतिदेव कुळातला जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे, युनिकोड नाही. अशा वेळी गूगल फॉन्ट्समध्ये शोधत बसण्यात दिवस घालवू नका.

मात्र नाव मिळालं म्हणून काम संपलं असं होत नाही. पीडीएफ फक्त फॉन्टचं नाव सांगते. तो फॉन्ट किती ताणला, त्यावर आउटलाइन किती चढवली, हे त्या यादीत येत नाही. त्यामुळे पुढची मापं तरीही घ्यायचीच.

मापासाठी चित्र कसं घ्यावं

चौकातल्या फ्लेक्सचा मोबाइल फोटो मापाला शेवटचा पर्याय ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात फ्लेक्स सैल पडतो, मधोमध झोळ येतो आणि शिरोरेषाच वाकडी होते. त्याच पोस्टरचं हँडबिल किंवा निमंत्रणपत्रिका मिळवा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ६०० डीपीआयला एका मिलिमीटरचे साधारण २३.६ पिक्सेल होतात, म्हणजे सेंटिमीटरभर उंच अक्षरात २३६ पिक्सेल मिळतात. एवढ्यात एक-दोन पिक्सेलची चूक खपून जाते. अक्षर ५० पिक्सेलचं असेल तर तीच चूक फॉन्टची एक पूर्ण जाडी बदलून टाकते.

फोटोच घ्यावा लागला तर तीन-चार मीटर मागे जाऊन झूम करून घ्या. जवळून रुंद लेन्सने घेतलेल्या फोटोत कडेची अक्षरं आपोआप ताणली जातात. मग फ्लेक्सचे चार कोपरे धरून परस्पेक्टिव्ह सरळ करा. शिरोरेषा आडवी आणि दंड, म्हणजे अक्षरांच्या उभ्या रेघा, सरळ उभे झाल्याशिवाय एकही माप घेऊ नका.

आता चार मापं घ्या. दंडाची उंची, म्हणजे शिरोरेषेच्या खालच्या कडेपासून दंडाच्या तळापर्यंत. दंडाची जाडी. शिरोरेषेची जाडी, तीही दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या भागावर. आणि अनुस्वाराच्या टिंबाची रुंदी व उंची. प्रत्येक माप तीन ठिकाणी घेऊन मधलं धरा, कारण शाई सगळीकडे सारखी पसरत नाही.

आपल्या हँडबिलवर ही मापं अशी आली: दंडाची उंची २३६ पिक्सेल, दंडाची जाडी ४३, शिरोरेषा ३६. अनुस्वार 'वसंतराव'मध्ये एक आणि 'देशपांडे'मध्ये एक. दोन्ही टिंबं ६० रुंद आणि ५३ उंच.

टिंब खरं बोलतं

शिरोरेषा दंडापेक्षा बारीक आहे. ३६ भागिले ४३ म्हणजे ०.८४. एवढंच पाहिलं तर 'जाडी-बारकाई असलेला फॉन्ट' असा निष्कर्ष निघतो आणि शोध चुकीच्या गल्लीत शिरतो. पण टिंब बघा. ६० बाय ५३ हे गोल टिंब नव्हे, आडवं अंडं आहे. टिंबाच्या कडा मोठ्या करून पाहिल्या तर वळण वर-खाली चपटं आणि बाजूंना टोकदार दिसतं. डिझायनर टिंब गोल, चौकोनी किंवा हिऱ्यासारखं करतात. त्या तिन्हींत रुंदी आणि उंची बहुधा जवळपास सारखी असते. तेरा टक्के फरक आला की अक्षर बाजूने ओढलेलं आहे असा पहिला संशय घ्यायचा.

६० भागिले ५३ म्हणजे १.१३. म्हणून चित्राची रुंदी ८८.५ टक्के करा, उंची तशीच ठेवा. आता दंडाची जाडी ४३ वरून ३८ होते. शिरोरेषा आडवी रेघ आहे. बाजूने ओढल्यावर ती लांब झाली होती, जाड झाली नव्हती. त्यामुळे ती ३६ वरच राहते. ३६ भागिले ३८ म्हणजे ०.९५. दोन्ही रेघा जवळजवळ एकाच जाडीच्या निघाल्या. जो फॉन्ट जाडी-बारकाईचा वाटत होता, तो एकसारख्या रेघेचा आहे.

दुसराही फरक पडला. दंडाची जाडी भागिले उंची आधी ०.१८ होती, आता ०.१६ आहे. म्हणजे वेटही एक पायरी हलकं असू शकतं. लोक 'बोल्ड लावलं तर जरा जास्त होतं, सेमीबोल्ड लावलं तर कमी पडतं' म्हणून अडकतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

उलटा ताणही असतो. उंच, अरुंद जागेत शब्द बसवण्यासाठी अक्षरं वरून ओढतात. तेव्हा टिंब उभं अंडं होतं आणि शिरोरेषा दंडापेक्षा जाड दिसते. साध्या वळणाच्या फॉन्टमध्ये शिरोरेषा दंडापेक्षा ठळकपणे जाड दिसली की हा संशय घ्यावा. काही सजावटी फॉन्टमध्ये ती मुद्दाम जाड असते, पण तिथेही टिंब खरं काय ते सांगतं.

एक सावधगिरी बाळगा. काही फॉन्टमध्ये टिंब मुळातच थोडं चपटं असतं. म्हणून टिंबावरून काढलेला ताण हा कामचलाऊ आकडा समजा. उमेदवार फॉन्ट ठरल्यावर त्याचं न ताणलेलं टिंब मोजून तो पुन्हा तपासा.

फरक कुठल्या दिशेने आहे

ताण आणि खरी जाडी-बारकाई यांतला फरक ओळखण्याची एक पक्की खूण आहे. गोल पोटाचं अक्षर घ्या, 'व' किंवा 'ट'. आपल्या पोस्टरवर 'तिकीट'मध्ये 'ट' आहे. त्याच्या वळणाची जाडी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरून मोजा.

बाजूने ताणलेल्या एकसारख्या रेघेत वळण डाव्या कडेला, म्हणजे नऊच्या ठिकाणी, सगळ्यात जाड असतं आणि तळाला, सहाच्या ठिकाणी, सगळ्यात बारीक. फरकाचा आस अगदी सरळ उभा-आडवा असतो.

बोरूच्या वळणाचं तसं नसतं. देवनागरीचा बोरू तिरका कापलेला असतो, त्यामुळे आडवी शिरोरेषा आणि उभा दंड दोन्ही बऱ्यापैकी भरीव येतात. बारीकपणा तिरक्या रेघांत उतरतो. 'र'चा पाय वरून डावीकडून खाली उजवीकडे जातो, तो मधे निमुळता होतो. रोमन अक्षरांत हा आस उलट्या दिशेने कलतो. म्हणूनच रोमनच्या सवयीने देवनागरीत बारीक जागा शोधणारे चुकीच्या ठिकाणी मोजतात. थोडक्यात, जाडीतला फरक तिरक्या दिशेने असेल तर तो फॉन्टचा आहे. उभ्या-आडव्या दिशेने दहा-पंधरा टक्के असेल तर बहुधा ओढाताण आहे. उभा-आडवाच फरक पण कितीतरी पट असेल, दंड जाडजूड आणि जोडरेघा केसासारख्या, तर तो रोझा वनसारखा मुद्दाम तसा घडवलेला शीर्षकाचा फॉन्ट आहे. त्यात गफलत होत नाही.

आपल्या 'ट'मध्ये ताण काढण्याआधी डावी कड ४३ आणि तळ ३६ आला. ताण काढल्यावर ३८ आणि ३६. 'रा'मधल्या 'र'च्या पायाची जाडी वरपासून टोकापर्यंत फारशी बदलत नाही. म्हणजे बोरूचं वळण नाही. तिरो देवनागरी किंवा मार्टेल यांसारखे जाडी-बारकाईचे फॉन्ट यादीतून गेले.

आता उमेदवार

एकसारख्या रेघेचे, साध्या टोकांचे, पोस्टरवर सर्रास दिसणारे उमेदवार उरले: मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो सॅन्स देवनागरी, विंडोजमधला निर्मला. खांड आणि राजधानीही याच जातीचे, पण अरुंद आणि चौकोनी बांध्याचे. ताण काढल्यावरही आपलं 'व'चं पोट गोल आहे, त्यामुळे ते दोघे बाहेर.

इथे तीन खुणा बघायच्या.

पहिली, पोटाचा गोलपणा. पॉपिन्सचा पायाच वर्तुळ आहे आणि त्याची रेघ जवळजवळ एकसारखी आहे, सांध्यांवर तेवढी नजरेसाठी बारीक केलेली. हिंद हातवळणाच्या बांध्यावर आधारलेला आहे, त्याची वळणं वर्तुळात बसत नाहीत. आता गंमत अशी की पॉपिन्स बाजूने ताणला की त्याची वर्तुळं अंडाकृती होतात, दंड शिरोरेषेपेक्षा जाड होतो आणि तो हातवळणाच्या फॉन्टसारखा दिसायला लागतो. सगळा घोळ इथेच होतो. ताण काढलेल्या 'ट'वर एक वर्तुळ काढून ठेवा. आपल्या पोस्टरवर वळणाचा खालचा अर्धा भाग त्या वर्तुळाला बरोबर लागून जातो. ताण न काढलेल्या चित्रावर तेच वर्तुळ दोन्ही बाजूंना आत पडतं.

दुसरी, टोकांचा काप. रेघ जिथे संपते तिथे कशी कापली आहे? हिंदमध्ये बहुतेक टोकं आडवी किंवा उभी सरळ कापलेली असतात, रेघ तिरकी असली तरी. 'र'च्या पायाचं टोक आणि 'त'च्या वळणाचं टोक जवळून बघा. काप जमिनीला समांतर आहे की रेघेला काटकोनात? पण स्कॅनमध्ये शाईने कोपरे गोल झाले असतील तर या खुणेवर फार विसंबू नका. शिरोरेषेचं टोक मात्र मोठं आणि सरळ असतं, ते बऱ्याचदा स्पष्ट येतं.

तिसरी, शिरोरेषेची शेपूट. शब्द काना किंवा दंडावर संपतो तिथे शिरोरेषा दंडाच्या पुढे किती जाते? काही फॉन्टमध्ये ती दंडाच्या उजव्या कडेशी जवळजवळ थांबते, काहींत बरीच पुढे निघते. शब्दाच्या सुरुवातीला पहिल्या अक्षराच्या डावीकडे ती किती निघते तेही बघा. 'सभागृह'सारख्या 'ह'ने संपणाऱ्या शब्दात हे दिसत नाही. 'वसंतराव' दंडावर संपतो, तिथे मोजा. ही शेपूट दंडाच्या जाडीच्या पटीत लिहून ठेवा: 'अर्धा दंड', 'पाव दंड', म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या नमुन्यांशी ताडता येते.

गाठी: उपयोगी, पण फसव्या

'भ', 'म', 'ग', 'न', 'श' या अक्षरांत डावीकडे गाठ किंवा तिचा अवशेष असतो. 'भ'च्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काही फॉन्ट पांढरं छिद्र असलेली पूर्ण गाठ देतात, काही भरीव ठिपका देतात, काही नुसती वळलेली रेघ सोडतात. 'न'च्या आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला गोळा आहे की सपाट काप, 'ग'चा पाय आत वळतो की सरळ संपतो, हेही तसंच. एकाच डिझायनरने 'भ', 'म' आणि 'न' यांत सहसा एकच धोरण ठेवलेलं असतं. त्यामुळे दोन अक्षरांत ते वेगवेगळं दिसलं तर पोस्टरवरच आधी कुणी ठिगळ लावलंय का ते तपासा.

गाठीवरून फॉन्ट नाकारताना मात्र थांबा. छिद्र लहान असतं आणि छपाईत शाई पसरते. पन्नास पिक्सेलच्या अक्षरात भरलेली दिसणारी गाठ त्याच पोस्टरच्या मोठ्या शीर्षकात उघडी निघते. पोस्टरवर ते अक्षर जिथे सगळ्यात मोठं असेल तिथलंच बघा. शिवाय एकाच कुटुंबात हलक्या वेटमधली उघडी गाठ अतिजाड वेटमध्ये बंद झालेली असू शकते. म्हणून गाठींची तुलना त्याच वेटशी करा.

'श' आणि 'ल' यांचं प्रकरण आणखी वेगळं. मराठीत पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहितात, हिंदीत दोन्हींची रूपं निराळी. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा कुठली लावली आहे त्यावर कुठलं उमटेल ते ठरतं. नागपुरात एकाच दुकानात एकाच मशीनवर हिंदी आणि मराठी दोन्ही कामं चालतात, त्यामुळे भाषा हिंदीवरच राहून जाणं फार होतं. बाकी सगळी अक्षरं जुळली आणि फक्त 'ल' आणि 'श' अडले तर फॉन्ट बरोबर आहे असंच धरा आणि भाषा बदलून बघा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करून कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये काय काय आहे ते झटकन बघायचं असेल तर हार्फबझमधली hb-view ही कमांड चालवा:

```
hb-view --language=mr -o mr.png Font.ttf "सुरेश लाल"
hb-view --language=hi -o hi.png Font.ttf "सुरेश लाल"
```

`Font.ttf`च्या जागी तुमच्या फाइलचं नाव द्या. दोन्ही चित्रं सारखीच आली तर त्या फॉन्टमध्ये भाषेनुसार बदल ठेवलेला नाही. मग पोस्टरवरचा 'श' ज्या रूपाचा आहे ते रूप ग्लिफ पॅनेलमध्ये शोधा. तिरो देवनागरी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फॉन्टांत मिळतो. तिथे चुकीचा निवडला की हीच अडचण येते.

आपल्या पोस्टरवर मात्र सोय आहे. 'देशपांडे'त 'श' आहे आणि नव्या ओळीत 'सुरेश' आणि 'रेशीमबाग' मिळून तो दोनदा लागतो. जुन्याच रूपाशी ताडून बघायचा, अंदाज करायचा नाही. नवीन मजकुरात पोस्टरवरचंच रूप ठेवा. एकाच कागदावर दोन प्रकारचा 'श' सगळ्यात आधी नजरेत भरतो.

खोटी जाडी

ताण काढला, फॉन्ट सापडला, तरी वेट जमत नाही असं झालं तर आउटलाइनचा संशय घ्या. कोरलमध्ये अक्षराच्याच रंगाची आउटलाइन देऊन शब्द जाड करायची सवय जुनी आहे. प्रत्येक कडेला दोन पिक्सेल चढवले तर दंड ३८ चा ४२ होतो आणि शिरोरेषा ३६ ची ४०. गुणोत्तर ०.९५ च राहतं, म्हणून ते काही सांगत नाही. सांगतात तीन गोष्टी. शिरोरेषेचे कोपरे गोल झालेले असतात. गाठींची छिद्रं बुजलेली असतात. आणि तिसरी सगळ्यात भरवशाची: शेजारच्या दोन दंडांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. खऱ्या बोल्डमध्ये डिझायनर अक्षरंही रुंद करतो, त्यामुळे हे अंतर वाढतं. आउटलाइनमध्ये अंतर हलक्या वेटइतकंच राहतं आणि अक्षरं आपापल्या जागी फुगतात. अंतर रेग्युलरशी जुळतंय आणि जाडी बोल्डची, असं आलं की रेग्युलर लावून तेवढीच आउटलाइन द्या. छिद्रं आणि कोपरेही मग आपोआप जुळतील.

आपल्या हँडबिलवर शिरोरेषेचे कोपरे कडक आहेत आणि 'भ'चा कोपरा बुजलेला नाही. आउटलाइन नाही.

बसवून बघणे

आता उमेदवारांचा तक्ता करा. प्रत्येक फॉन्टमध्ये 'सभागृह' लिहा. तो शब्द जुन्या ओळीत आहे आणि नव्यातही राहणार आहे, म्हणून यापेक्षा चांगली कसोटी नाही. पॉइंट साइज सारखा ठेवून तुलना करू नका. ४८ पॉइंटला एका फॉन्टचा दंड दुसऱ्यापेक्षा बराच लहान असतो, कारण वर मात्रा-रफाराला आणि खाली उकाराला प्रत्येकाने वेगळी जागा सोडलेली असते. प्रत्येक नमुना दंडाच्या उंचीने २३६ पिक्सेलवर आणा. मग ताण काढलेल्या स्कॅनवर वेगळ्या रंगात, पन्नास टक्के पारदर्शक ठेवून, शिरोरेषेवर शिरोरेषा आणि पहिल्या दंडावर पहिला दंड बसवा.

चूक कशी वाढते ते बघा. शब्दाच्या शेवटाकडे फरक थोडा-थोडा, सारखा वाढत गेला तर फॉन्ट बरोबर असून अक्षरांमधलं अंतर बदललेलं आहे, किंवा ताणाचा आकडा थोडा चुकला आहे. टिंब आणि दंडाची जाडी जुळत असेल तर अंतर, तीही किंचित चुकत असेल तर ताण. फरक एकाच अक्षरावर एकदम उडी घेत असेल तर ते अक्षर वेगळं आहे, म्हणजे फॉन्ट वेगळा किंवा त्याची दुसरी आवृत्ती. हजार पिक्सेलच्या शब्दात शेवटी पाच-सहा पिक्सेलचा फरक स्कॅनचा समजून सोडून द्यायला हरकत नाही. वीस पिक्सेलचा नाही.

आपल्या ओळीत पॉपिन्स बसतो. हिंदचं 'व'चं पोट वर्तुळाच्या बाहेर राहतं आणि मुक्ताचं वळणही 'ट'वर सुटतं. पॉपिन्सची नऊ वेट आहेत, त्यामुळे लागोपाठची तीन ठेवून दंडाची ३८ पिक्सेल जाडी कुणाची येते ते बघा. ताण काढण्याआधी दिसत होती त्या ४३ शी ताडू नका.

फॉन्ट आणि वेट ठरलं की पूर्ण नवी ओळ लिहा आणि तिला रुंदीत ११३ टक्के ताण द्या. काढलेला ताण परत द्यायलाच हवा, कारण 'तिकीट खिडकी' अजून ताणलेलीच आहे. हे विसरतात आणि मग 'फॉन्ट तर सापडला, तरी जुळेना' म्हणतात. ताण देण्याआधी अक्षरांतलं अंतर ठरवून घ्या. शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या तुकड्यांनी बनते, अंतर वाढवलं की ती तुटते आणि ताणाने ती फट आणखी रुंद होते. पोस्टरवर अंतर वाढवलेलं असूनही शिरोरेषा अखंड दिसत असेल तर कुणीतरी वरून पट्टी ओढलेली आहे. ती पट्टी तुम्हालाही ओढावी लागेल, बरोबर ३६ पिक्सेलची.

नुसता 'सुरेश भट' बदलून जुनं 'सभागृह' तसंच ठेवण्याचा मोह टाळा. पाचशे ग्रॅमच्या पिशवीत दोन दुकानांची तूरडाळ मिसळावी तसं ते दिसतं: शेजारी-शेजारी आलेला तीन टक्क्यांचा फरकही नजर पकडते, तोच फरक दोन इंच खालच्या ओळीत असेल तर सुटून जातो. 'कविवर्य' ते 'रेशीमबाग' सगळी ओळ नव्याने टाका. 'र्य'चा रफार आणि 'सु'चा उकार या दोन गोष्टी जुन्या ओळीत ताडायला मिळत नाहीत. त्या फॉन्टने दिलेल्याच ठेवा, हाताने सरकवू नका.

एकही फॉन्ट बसला नाही तर तो बहुधा श्रीलिपी किंवा आयएसएम या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या संचातला, क्रमांकाने ओळखला जाणारा फॉन्ट असतो. तो ज्यांच्याकडे रीतसर परवान्याने आहे अशाच डीटीपीवाल्याकडून ती एक ओळ कर्व्ह करून घ्या. त्यांना 'असा दिसणारा' म्हणून फोटो पाठवू नका. ताण काढलेला स्कॅन आणि ही चार मापं पाठवा: दंडाची उंची, दंडाची जाडी, शिरोरेषा, टिंब.